तात्यांच्या बोअरचा अहवाल

नोव्हेंबरच्या अखेरीस वडिलांचे मित्र असलेले तात्या एका प्लास्टिकच्या पिशवीत भूजल सर्वेक्षणाचा अहवाल घेऊन आमच्या घरी आले. त्यांची साडेतीन एकर काळी जमीन चिकोडी तालुक्यात, कृष्णेपासून थोड्या अंतरावर आहे; नदीवरच्या उपसा योजनेचे पाणी त्या तुकड्यापर्यंत पोहोचत नाही आणि उन्हाळ्यात नदीच आटू लागली की विहिरीलाही फारसा दम राहत नाही. अहवाल इंग्रजीत, सोबतचे पत्र कन्नडमध्ये आणि तात्यांना वाचता येते ती मराठी, त्यामुळे भूशास्त्र शिकलेला म्हणून तो समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

तात्यांनी आधीच एक निष्कर्ष काढून ठेवला होता. शेवटच्या पानावरच्या तक्त्यात दोन जागांचे आकडे होते आणि त्यांना कुणीतरी सांगितले होते की आकडा जितका लहान, तितके पाणी जास्त. पहिल्या जागेच्या पाणीदार थराचा आकडा 45, तर ओढ्यालगतच्या दुसऱ्या जागेचा 6. "मग दुसरीच जागा की रं, मोटारघरबी तिथंच हाय," असे ते म्हणाले.

म्हणून मी आधी आकड्याचा अर्थ सांगितला. जमिनीत चार सळ्या एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंत विजेचा दाब मोजतात. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की वीज अधिक खोलवरून जाते, आणि त्यावरून जमीन विजेला किती अडवते ते ओहम-मीटरमध्ये काढतात. कोरडा, अखंड काळा फत्तर विजेला फार अडवतो. भेगा पडलेल्या किंवा बारीक पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात पाणी भरलेले असेल तर आकडा उतरतो. परंतु चिकण माती आणि खारे पाणी विजेला सर्वांत सहज वाट देतात, त्यामुळे एकेरी आकडा हा चांगल्या पाण्याचा पुरावा नसून बहुधा इशारा असतो. नेमका हाच इशारा अहवालातही होता, पण तो तक्त्यात न देता दोन पाने मागे विहिरींच्या नोंदीत टाकलेला होता: ओढ्याजवळच्या शेजाऱ्याच्या विहिरीतील पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती याचे माप, 3,400, तर पहिल्या जागेजवळच्या बोअरची 1,900. उसाच्या पट्ट्यात पाण्याचा निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत क्षार कसे वर येतात हे तात्यांनी स्वतः पाहिलेले होते, त्यामुळे मी न सांगताच त्यांनी दुसरी जागा सोडली.

खोलीवर मात्र बराच वेळ गेला. पहिल्या जागेत दीड मीटरपर्यंत काळी माती, 12 मीटरपर्यंत मुरूम, तेथून 34 मीटरपर्यंत टणक फत्तर, 34 ते 48 मीटर मांजऱ्या खडक आणि त्याखाली पुन्हा फत्तर, असा अंदाज होता. शिफारस 60 मीटरची, म्हणजे सुमारे 200 फुटांची. तात्यांनी मात्र आलेखावरचा 150 हा आकडा पाहून पाचशे फुटांची तयारी केली होती, कारण शेजाऱ्याचेही बोअर तितकेच खोल होते. तो 150 म्हणजे AB/2, मधल्या बिंदूपासून बाहेरच्या सळीपर्यंतचे अंतर. ती खोली नव्हे. सळी दीडशे मीटर दूर गेली म्हणून दीडशे मीटर खालचे दिसते असे होत नाही. खोलीचा अंदाज संपूर्ण वक्राचा अर्थ लावून निघतो आणि 48 मीटरखाली या वक्रात पाण्याची काहीच खूण नव्हती.

त्याच वेळी उलट बाजूही सांगणे मला भाग होते. तीनशे फुटांवर अर्ध्या फुटाची एखादी पाणीदार भेग असेल तर ही पद्धत ती पकडू शकत नाही, त्यामुळे "खाली पाणी नाही" असे अहवाल म्हणत नाही, "खाली पाणी असल्याचे दिसत नाही" एवढेच म्हणतो. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला फुटावर पैसे मिळतात, म्हणून थांबायचे कुठे हे आधीच ठरवावे असे आम्ही ठरवले: मुरूम संपून फत्तर लागेपर्यंत, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फूट, केसिंग, दोनशे फुटांवर पाणी मोजायचे, अगदीच कोरडे निघाले तर अडीचशेपर्यंत, त्यापुढे नाही.

अहवालात पाणी ताशी 2,500 ते 3,500 लिटर लिहिले होते आणि तात्या इंचांत विचार करत होते. गाडीवाले त्रिकोणी खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचांत सांगतात. काटकोनी खाचेवर दोन इंच म्हणजे ताशी साधारण 2,900 लिटर. एक इंच म्हणजे मात्र त्याच्या निम्मे नव्हे, जेमतेम 510 लिटर, कारण उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक वाढते. "म्हंजे दीड इंचवाला दोन इंचाच्या निम्म्यावरच की," तात्या म्हणाले, आणि हिशेब बरोबर होता: सुमारे 1,400.

मग आम्ही वहीत उसाचा हिशेब मांडला. ठिबकवर उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर एकराला जवळजवळ 20,000 लिटर लागतात. सात तास तीन फेज वीज आणि दोन इंच पाणी म्हणजे तेवढेच. साडेतीन एकर ऊस भिजवणारे बोअर या कागदात कुठेच नव्हते, आणि सर्वेक्षण पावसाळ्यानंतर, पाणीपातळी वर असताना झालेले, त्यामुळे मेमध्ये एकरही ताणून धरावा लागेल असे मी सांगितले. तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग घरी पिण्याचे काय, असे त्यांनी विचारले. शेजारच्या बोअरच्या नमुन्यात नायट्रेट लिटरला 60 मिलिग्रॅम होते आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 आहे. उकळून ते जात नाही, म्हणून लहान नातवासाठी ते पाणी वापरू नये. तोही शेजारचा नमुना, आपल्या बोअरचा नाही, त्यामुळे बोअर मारल्यावर पुन्हा तपासणी करायची असे ठरले.

जानेवारीत बोअर मारले तेव्हा मी तिथे होतो. 115 फुटांच्या आसपास राखाडी भुकटीत पांढरे ठिपके दिसू लागले, ही मांजऱ्याची खूण. 140 फुटांवर धूळ ओली झाली आणि 155 पर्यंत पाणी वाढत गेले. त्यानंतर नुसता फत्तर. दोनशेला थांबून मोजले तेव्हा पावणेदोन इंच, म्हणजे ताशी दोन हजारांच्या थोडे वर. "अजून शंभर फूट जाऊ या," असे गाडीवाल्याने सुचवले. तात्यांनी वहीकडे पाहिले आणि नाही म्हटले.

हवेच्या दाबाने वर आलेले पाणी आणि पंपाला टिकून मिळणारे पाणी सारखे नसते, म्हणून मोटार बसल्यावर चार तास चालवून 200 लिटरचे बॅरल भरायला लागणारा वेळ तात्या मोजतात. फेब्रुवारीत सहा मिनिटे लागली. वाहकता आली 1,750, नायट्रेट 52; पिण्यासाठी गावच्या नळाचेच पाणी चालू आहे. ठिबकवर एक एकर ऊस आहे, उरलेल्या जमिनीत हरभरा होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला: बॅरलला नऊ मिनिटे लागली होती, म्हणजे ताशी सुमारे 1,300 लिटर, आणि त्यांनी अर्ध्या एकराच्या नळ्या एक दिवसाआड चालवायला घेतल्या होत्या.