२४ तासांची ड्युटी, दुसऱ्या दिवशी ऑफ आणि आठवड्याचे ७४ तास : मेडिसिनची ड्युटी लिस्ट लावताना

मेडिसिन वॉर्डाच्या जेआर-१ ची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची, ड्युटी लिस्ट लावायची म्हटलं की मी आधी तासांचा हिशेब मांडतो, नावं नंतर. केंद्राच्या १९९२ च्या पत्रात आठवड्याला ४८ तास लिहिलेत, पण मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यावर लिस्ट उभी राहत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये ७४ तासांची शिफारस केली: २४ तासांची एक ड्युटी, दहा तासांचे पाच दिवस आणि एक सुट्टी. मी हाच आकडा धरतो.

सात जेआर असले की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातली एक ड्युटी येते. सोमवारी सकाळी आठ ते मंगळवारी सकाळी आठ ड्युटी, मंगळवारी ऑफ, बुधवार ते रविवार दहा-दहा तास. बरोबर ७४. म्हणजे पोस्ट-ड्युटी ऑफ आणि साप्ताहिक सुट्टी एकच आहे, वेगळी सुट्टी उरत नाही. ज्या मंगळवारी तो माणूस पहाटेपर्यंत जागा होता, तोच त्याचा सुट्टीचा दिवस.

म्हणून ऑफ गेला की सगळंच गेलं. ड्युटी आणि ऑफ मिळून दोन दिवसांत २४ तास होतात, साध्या दोन दिवसांत २० होतात. फरक फक्त चारचा. त्यामुळे चार जणांतच ड्युटी फिरवावी लागली तरी, ऑफ पाळला तर, सरासरी ७७ वर थांबते. उलट सात जण असूनही ऑफच्या दिवशी दहा तास राबवलं तर ८४ होतात. माणसं कमी आहेत म्हणून ऑफ देता येत नाही, हे कारण मला म्हणूनच पटत नाही.

ऑफ कुणी उघडपणे रद्द करत नाही, तो सकाळी झिरपत जातो. रात्रीच्या ॲडमिशन्स ज्याने घेतल्या त्यानेच राउंडला प्रेझेंट करायच्या, ही रीत. राउंड नऊला सुरू होतो, मग सांगितलेल्या तपासण्या पाठवणं, रिपोर्ट आणणं, आणि जेआर साडेअकराला सुटतो. आठवडा ७७.५ वर गेला आणि लिस्टवर मात्र ७४ च दिसतात.

यावर इलाज राउंडच्या वेळेतच आहे. सकाळी सहानंतर येणारी नवी ॲडमिशन जेआर-२ ने घ्यावी. सहाचं ब्लड कलेक्शन दिवसपाळीच्या एका जेआरच्या नावावर टाकावं आणि त्या दिवशी तो लवकर आला तितका लवकर सुटावा. पोस्ट-ड्युटी राउंड लेक्चररनी सातला घ्यावा आणि फक्त रात्रीच्या पेशंटपुरता. येणारा जेआर सोबत हवाच, कारण तोच हँडओव्हर आहे. बेड नंबर, निदान, कोणता रिपोर्ट बाकी, तो कुणी पाहायचा, एवढं वहीत लिहिलेलं असावं. 'कुणी' हा रकाना रिकामा राहिला की दहा वाजता ऑफवाल्यालाच फोन जातो. अमेरिकेत २४ तासांनंतर हँडओव्हरसाठी चार तासांपर्यंत थांबायची मुभा आहे, पण त्या वेळात नवा पेशंट घेता येत नाही. आपल्या ७४ मध्ये ते चार तास धरलेलेच नाहीत.

थोडी जागा रविवारी करता येते. ओपीडी नसते, म्हणून दिवसपाळी आठ ते एक ठेवली की पाच तास वाचतात आणि आठवडा ६९ वर येतो. ज्यांची ड्युटी शनिवारी किंवा रविवारी असते त्यांना मात्र हा फायदा मिळत नाही. त्यासाठी वार दर महिन्याला फिरवावे. फिरवताना दोन ड्युट्यांमधलं अंतर सहा दिवसांचं न होता आठचं होईल असं, म्हणजे वार एकाने पुढे सरकवून.

खरी परीक्षा रजेची असते. समजा गुरुवारवाला आठवडाभर रजेवर आहे. बुधवारवाल्याचा त्या दिवशी ऑफ असतो, म्हणून तो नाही. शुक्रवारवाल्याला दिली तर लागोपाठ ४८ तास होतील. मंगळवारवाला ऑफ संपताच पुन्हा २४ तास उभा राहील. शनिवार किंवा रविवारवाल्याला दिली तर सोमवार ते रविवार ७८ होतात. सोमवारवाल्याचं बघा: सोमवारी २४, मंगळवारी ऑफ, बुधवारी १०, गुरुवारी २४, शुक्रवारी ऑफ, शनिवारी १०, रविवारी ५. एकूण ७३. मी त्यालाच देतो आणि शुक्रवारी वॉर्डात सहाऐवजी पाचच जण असतील हे युनिट हेडना आधी सांगतो, म्हणजे त्या दिवशी डिस्चार्ज कार्डांचा ढीग लागत नाही. कारण ढीग लागला की पहिला फोन त्या ऑफवाल्यालाच जातो.

लिस्टच्या शेजारी मी एक रकाना आणखी ठेवतो: प्रत्यक्ष सुटल्याची वेळ, ज्याची त्याने लिहायची. दोन आठवडे एकाच वारी दहाच्या पुढची वेळ दिसली तर त्या वारच्या राउंडबद्दल लेक्चररशी बोलायचं. जेआरला घाई करायला सांगून ती वेळ अलीकडे येत नाही.