आधी टिश्यू, मग मेटल: माझ्या दोन झडपा

माझ्या हृदयातल्या मायट्रल झडपेचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी 28 वर्षांची होते, दुसरं झालं तेव्हा 39 ची. मधल्या काळात मला मुलगी झाली. हा क्रम आम्ही पहिल्या ऑपरेशनच्या आधीच ठरवला होता. तो कसा ठरला ते सांगते, कारण त्या वेळी माझ्या डोक्यातलं गणित अगदीच बाळबोध होतं.

लहानपणी आलेल्या रुमॅटिक तापाने झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, वर कॅल्शियमही साचलं होतं. दुरुस्ती होत असेल तर तीच सगळ्यात चांगली, पण तुमची झडप दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, असं सर्जननी सांगितलं. मग ड्रॉवरमधून दोन नमुने काढून माझ्या हातात दिले. एक काळी चकचकीत कडी, आत अर्धचंद्रासारख्या दोन पाकळ्या. बोटाने ढकललं की टक् करून मिटायच्या. तिला सगळे मेटल म्हणतात, पण पाकळ्या खरं तर कार्बनच्या असतात. दुसरी पांढुरकी आणि मऊ, जनावराच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून केलेली. ती टिश्यू व्हॉल्व्ह.

"टिकणारी द्या," मी म्हटलं. वयाकडे बघितलं तर माझं उत्तर बरोबरच होतं. मायट्रलच्या जागी साधारण 65 वर्षांच्या आत मेटल आणि 70 च्या पुढे टिश्यू, असा युरोपातला ढोबळ नियम आहे. तरुण शरीर टिश्यू झडपेवर कॅल्शियम भराभर चढवतं, म्हणून ती लवकर कडक होते. शिवाय मायट्रल झडप मिटलेली असताना डाव्या कप्प्याचा सगळा दाब तिच्यावर येतो, त्यामुळे ती महाधमनीच्या झडपेपेक्षाही लवकर झिजते.

मग त्यांनी विचारलं, "मूल हवंय?"

हवं होतं. त्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. मेटल झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं, आणि वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत जातं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत व्यंग येऊ शकतं. दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा कमी डोस पुरत असेल तर हा धोका बराच कमी असतो, पण शून्य नसतो. गर्भपाताची भीती वेगळीच. हेपरिनचं इंजेक्शन बाळापर्यंत पोचत नाही, पण झडपेचं रक्षण ते वॉरफरिनइतकं करत नाही. म्हणजे गोळीने बाळाला धोका, इंजेक्शनने आईला. त्यातही मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी असल्यामुळे गुठळी तिथे जास्त सहज धरते.

"टिश्यू घातली तर हा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो," ते म्हणाले. पुढे केव्हातरी छाती पुन्हा उघडावी लागणार. दुसऱ्या वेळी हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असतं, ते सोडवताना जोखीम वाढते. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती, हृदयाचे ठोके नियमित होते. एट्रियल फिब्रिलेशनने ते अनियमित झालेले असते तर टिश्यू घालूनही वॉरफरिन चुकलं नसतं आणि सगळा बेतच फसला असता.

नवरा म्हणाला, मूल नसलं तरी चालेल, दोन ऑपरेशनं नकोत. त्याच्याशी आठवडाभर भांडले आणि टिश्यूच्या कागदावर सही केली.

पहिले तीन महिने वॉरफरिन घेतलं, मग ते बंद झालं. वर्षभराने इको चांगला आल्यावर दिवस राहू दिले. हृदयाचे डॉक्टर आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांची नजर होती, तरी ते नऊ महिने साधेच गेले. नवव्या वर्षापासून मात्र जिन्यात धाप लागायला लागली. पाकळ्या कडक होत होत्या. अकराव्या वर्षी दुसरं ऑपरेशन झालं आणि या वेळी मेटल बसली.

खरी शिकवणी त्यानंतर सुरू झाली. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो त्याचा आकडा. औषध न घेणाऱ्याचा 1 च्या आसपास असतो. मायट्रल मेटलला तो 3 च्या जवळ, म्हणजे 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा. महाधमनीच्या जागी आजची दोन पाकळ्यांची झडप असेल आणि दुसरी काही जोखीम नसेल, तर 2.5 पुरतो. शेजारच्या पेशंटचा आकडा बघून आपला ठरवू नये, हे त्यामुळेच.

सुरुवातीला माझा आकडा 2.2 आला. आठवड्याचे एकूण 30 मिलिग्रॅम चालू होते, ते 33 केले. मी अधीर, दोनच दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा हललाच नव्हता, म्हणून स्वतःच्या मनाने आणखी एक गोळी वाढवली. पुढच्या आठवड्यात 4.3! रक्तात आधीच तयार असलेले गोठवणारे घटक संपायला दिवस लागतात, त्यामुळे आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा तरी द्यावा लागतो. तेव्हापासून डोसला मी हात लावत नाही.

दुसऱ्या वेळी चूक माझी नव्हती. दाताच्या दुखण्यावर मेट्रोनिडॅझोल मिळालं, वॉरफरिनचा परिणाम वाढवणारं अँटिबायोटिक, आणि वॉरफरिन चालू आहे हे सांगूनही कुणी रक्त तपासायला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी चूळ भरली तर पाणी गुलाबी. आयएनआर 6.4. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली, पण वॉरफरिनचा परिणाम उतरवणारं व्हिटॅमिन के दिलं नाही. मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, रक्तस्राव मोठा नाही, आणि आकडा एकदम खाली पाडला तर झडपेवरच गुठळी बसेल. तिसऱ्या दिवशी 3.4 वर आला. आता कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की चार दिवसांत रक्त देते. पालेभाज्यांतही व्हिटॅमिन के असतं, पण त्या सोडल्या नाहीत, रोज साधारण तेवढ्याच खाते.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या का घेत नाही, असं लोक सुचवत असतात. त्या मेटल झडपेला चालत नाहीत. त्यांतल्याच डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले.

परवा रक्ताच्या रांगेत 26 वर्षांची एक मुलगी भेटली. मेटल आधीच बसलेली, रोज 4 मिलिग्रॅम, आणि मूल हवंय. तिच्या डॉक्टरांनी पर्याय मांडले होते. डोस 5 च्या आत असल्यामुळे गोळी चालू ठेवता येईल, किंवा पहिल्या तीन महिन्यांत हेपरिन घ्यायचं आणि दर आठवड्याला इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनी अँटी-एक्सए, म्हणजे रक्तातला हेपरिनचा परिणाम, तपासून डोस जुळवायचा. छत्तिसाव्या आठवड्यात हेपरिन दोन्हीकडे ठरलेलं, कारण गोळीने बाळाचंही रक्त पातळ झालेलं असतं आणि जन्माच्या ताणात डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. गोळी चालू असताना कळा आल्या तर सिझेरियन.

"पाळी चुकली की त्याच दिवशी टेस्ट करायची म्हणालेत," ती म्हणाली. "पण माझी पाळी कधीच वेळेवर नसते." मी तिला म्हटलं, हे आत गेल्यावर पहिल्यांदा सांग. तेवढ्यात तिचा नंबर आला.