शेंगा संपल्यावर

३१ मेच्या दुपारी नागपुरात कोणी कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. पण सरकारी कचेरीतल्या माणसाला त्या दिवशी निरोप समारंभ चुकत नाही. आमच्या आधीच्या पिढीत बऱ्याच जणांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. आईला आठवायचं ते 'तान्ह्या पोळ्याच्या आगंमागं' एवढंच. मग गुरुजींनी दाखल्यावर १ जून टाकून दिली. आणि नियम असा, की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण होताना ३१ मेला एकाच हॉलमध्ये तीन-तीन सत्कारमूर्ती, त्यांची घरची मंडळी, खिडकीत धडधडणारा कूलर आणि त्या कूलरच्या वर आवाज काढणारे वक्ते.

परवाच्या अशाच कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, तुमचा नंबर शेवटी ठेवला, चालते नं?" न चालायला काय झालं? हजेरीपटात माझं आडनाव शाळेपासून शेवटीच आहे.

शाळेत १ ऑगस्टला भाषणं असत. 'पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' झालं की प्रत्येक जण टिळकांच्या शेंगांकडे वळायचा. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. पहिल्या मुलाला टाळ्या, चौथ्याला कमी, आणि माझ्यापर्यंत शेंगा पार संपलेल्या. एका वर्षी बाईंनी मला आदल्या दिवशी थांबवून सांगितलं, "तू शेंगांना हातच लावू नको. टिळक गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२०ला, वाटेगावात एक मूल जन्मलं, त्याचं सांग." मी उभा राहून सांगितलं, की त्या मुलाचं नाव अण्णा भाऊ साठे, ते वडिलांबरोबर वाटेगावहून पायी चालत मुंबईला गेले, आणि पुढे मोठे लेखक झाले. खाली बसलो. वाटेगाव ते मुंबई पायी, हे ऐकून मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली होती. अख्ख्या शाळेत तेवढंच एक भाषण त्या दिवशी नवं होतं, आणि ते जेमतेम चार वाक्यांचं होतं.

तेव्हापासून मला शेवटच्या नंबरचं काही वाटत नाही. वाटतं ते शेवटी उठून "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळंच सांगितलं आहे, त्यामुळे मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणणाऱ्यांचं. हे वाक्य आलं की समजावं, वीस मिनिटं गेली. कारण हा माणूस मुद्दे गाळत नाही, आखडतो. 'वक्तशीर, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' असं करत आधीच्या सगळ्यांची भाषणं एकेका विशेषणात बसवतो आणि त्याला वाटतं आपण थोडक्यात आवरलं. ऐकणाऱ्याला मात्र सगळं दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. कापायचं तर मुद्दा मुळासकट जायला हवा.

मला आमच्या बडे बाबूंवर बोलायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मी पाच गोष्टी लिहून नेल्या होत्या: वेळेआधी येणं, अधिवेशनातली रात्र, सगळ्यांना वाटून खाल्लेला डबा, नस्तीवरची पेन्सिल, आणि निवृत्तीनंतर गावची शेती. पहिल्याच वक्त्यानं घड्याळ नेलं. आस्थापनेतल्या मॅडमनी अधिवेशन घेतलं आणि फार छान सांगितलं. डिसेंबरची थंडी, रात्री अकराला आलेला तारांकित प्रश्न, सकाळी सभागृहात उत्तर हवं, आणि बडे बाबू मफलर गुंडाळून जुन्या नस्त्या उपसताहेत. ते ऐकल्यावर माझी रात्र मी आनंदानं खोडली. डबा तर तिघांनी उघडला. शेतीचं साहेब बोलणारच होते, ते अध्यक्ष होते. अध्यक्षांसाठी भविष्यकाळ सोडायचा असतो.

खोडताना एक पथ्य पाळावं. वक्ता बोलत असताना पेन चालवू नये. समोरच्या रांगेतून ते लगेच दिसतं, आणि आपण त्याच्या चुका काढतोय असं वाटतं. मी कागद घडी घालून ठेवतो आणि टाळ्या वाजताना खोडतो.

मग उरली पेन्सिल. नवा लिपिक टिपणी लिहितो तेव्हा चुकतोच. शासन निर्णयाची तारीख चुकते, पृष्ठांकन राहून जातं. वरचा माणूस शाईनं शेरा मारतो, आणि तो शेरा नस्तीत कायमचा बसतो. पुढे ती नस्ती जिथे जिथे जाईल तिथे त्या पोराची चूक आधी पोचते. बडे बाबू समासात पेन्सिलनं लिहायचे. बारीक अक्षरात, 'ता. पाहा', 'पृ. १४ जोडा'. पोरगं दुरुस्त करून आणायचं, मग बाबू स्वतः खोडरबरानं पुसायचे, फुंकर मारून भुगा उडवायचे आणि नंतरच सही करायचे. हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण पुसलेलं कोणाला दिसणार? ज्याचं पुसलं त्यालाच ठाऊक. त्यातला एक मी.

माझी वेळ आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बायकांनी पर्स मांडीवर घेतल्या होत्या. शिपाई दारातून खुणावत होता आणि सूत्रसंचालक बाईंना म्हणाला ते मलाही ऐकू आलं, "मॅडम, समोसे थंडे होऊन राहिले." व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेणं मी सोडून दिलं, ती आठदा घेऊन झाली होती. दोन गोष्टी मात्र कितीही कापलं तरी ठेवाव्या लागतात. सत्कारमूर्तीच्या घरच्यांकडे एकदा बघून बोलायचं, कारण ती माणसं कामठीहून उन्हात आलेली असतात आणि त्यांना आपलं माणूस कचेरीत कसं होतं ते ऐकायचं असतं. आणि आधीच्या एखाद्या भाषणाला धागा जोडायचा, नाहीतर आपलं बोलणं तुटक, फटकून वागल्यासारखं वाटतं.

म्हणून मी म्हणालो, "वहिनी, मॅडमनी सांगितलेल्या त्या रात्री मीही होतो. उत्तराच्या मसुद्यात मी आकडा चुकवला होता. बाबूंनी पेन्सिलनं त्याच्याभोवती गोल केला, मी दुरुस्त केला, त्यांनी गोल पुसला आणि कागद साहेबांकडे नेला. साहेबांना आजपर्यंत माहीत नव्हतं. आता झालं." नंतर पेन्सिलीचं वर लिहिलंय तेवढंच, आणि नमस्कार. दीड मिनिट झालं असेल. शेवटचं वाक्य तेवढं घरून पाठ करून नेलं होतं. मधलं कितीही गळालं तरी थांबायचं कुठे हे पक्कं असलं की माणूस घसरत नाही.

साहेब हसले. बाबूंनी चष्मा काढून उगाच पुसला. वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "घरीबी किराण्याची यादी पेन्सिलनंच लिहितेत, अन् मी लिहिलेलं पुसतेत."

अध्यक्षीय भाषण झालं, शेती झाली, नातवंडं झाली. लोक उठायला लागले, तेवढ्यात आभार मानणारे सहकारी माईकपाशी आले आणि त्यांनी खिशातून तीन पानं काढली. घड्याळापासून सुरुवात करून त्यांनी एकेका वक्त्यानं काय काय सांगितलं ते पुन्हा सांगितलं. त्यात माझी पेन्सिलही आली, फक्त त्यांनी तिचा बॉलपेन केला.