अट नेमकी कुणाला लागते?

बुधवार, रात्री

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला दिलेल्या स्क्रू कॉम्प्रेसरची वॉरंटी मराठीत करतोय. मशीन सांभाळणारी मुलं बरीचशी दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगडकडची, म्हणून पुरवठादाराला मराठी प्रत हवी आहे. तांत्रिक पानं भराभर झाली. वॉरंटी कशाला लागू नाही हे सांगणाऱ्या कलमातल्या एका ओळीने मात्र अख्खी दुपार खाल्ली.

त्या इंग्रजी ओळीचा क्रम असा: सुरुवातीला ‘अयोग्य’, मग ‘बसवणी, वापर किंवा देखभाल’, आणि सगळ्यात शेवटी ‘अधिकृत तंत्रज्ञाने न केलेली’. अशा कारणाने आलेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. आता हे शेपूट कुणाचं? फक्त देखभालीचं, की तिन्हींचं? इंग्रजीत दोन्ही वाचनं चालतात.

फरक काय पडतो ते मांडून पाहिलं. समजा, पुरवठादाराच्याच तंत्रज्ञाने कॉम्प्रेसर एका कोंदट खोलीत बसवला आणि गरम हवा बाहेर नेणारा डक्ट काढलाच नाही. मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतं, तेलाचं तापमान चढतं, मे महिन्यात रोज ट्रिप होतं आणि शेवटी हवा दाबणारा मुख्य भाग, म्हणजे एअर-एंड, जातो. बसवणी अयोग्य होती यात वाद नाही. शेपूट फक्त देखभालीचं मानलं, तर अयोग्य बसवणी कुणीही केलेली असो, वॉरंटी नाही. म्हणजे स्वतःच्या माणसाच्या चुकीतूनही पुरवठादार सुटतो. शेपूट तिन्हींचं मानलं, तर अधिकृत तंत्रज्ञाने केलेली बसवणी अपवादात येतच नाही आणि नवा एअर-एंड पुरवठादाराला द्यावा लागतो. कॉम्प्रेसरमधला सर्वांत महागडा भाग तोच.

मराठीची अडचण अशी की, असला तुकडा सहजपणे नामाच्या आधी जाऊन बसतो. ‘अधिकृत तंत्रज्ञाने न केलेली अयोग्य बसवणी, वापर किंवा देखभाल’ असं लिहिलं की वाक्य कानाला छान लागतं, पण अट बसवणीला चिकटलेली असते. फक्त देखभालीचं वाचन तिथेच संपलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही, वाक्यरचनेने.

दुसरा सापळा लिंगाचा. मला आधी ‘चुकीची’ लिहायचा मोह झाला होता. पण ‘चुकीची बसवणी, वापर किंवा देखभाल’ यात ‘चुकीची’ हे विशेषण ‘वापर’ला लागू शकत नाही, कारण तो पुल्लिंगी. मग वापर नुसताच उरतो, आणि काटेकोर वाचणारा म्हणेल की कसल्याही वापराने आलेला बिघाड वगळला आहे. तसं असेल तर वॉरंटी उरतेच कशाला? ‘अयोग्य’ विकारी नाही, ते तिन्ही नामांपुढे तसंच राहतं, आणि इंग्रजीत आहे तेवढीच संदिग्धता मराठीतही राहते. अशा कलमांत ‘चुकीचा’सारख्या विकारी विशेषणांपासून मी दूर राहतो ते भारदस्तपणासाठी नव्हे, एवढ्यासाठीच.

शेपटाचा प्रश्न राहिला. ते वाक्याच्या शेवटी नेऊन ‘जी’ने जोडलं तर ‘वापर’ पुन्हा गळतो. शेवटी तिन्ही नामं बदलून नपुंसकलिंगी क्रियानामं केली: ‘अयोग्य रीतीने बसवणे, चालवणे किंवा देखभाल करणे, जे अधिकृत तंत्रज्ञाने केलेले नाही’. आता ‘जे’ तिन्हींकडेही जातं आणि फक्त शेवटच्याकडेही. वाक्य अवघडलेलं आहे, मला आवडत नाही, पण मुळात आहे ते आणि तेवढंच सांगतं.

पुरवठादाराच्या विक्री विभागातले गृहस्थ फोनवर म्हणाले, “अहो, इतकं कशाला? त्यांना समजेल असं सोपं करून टाका ना.” मी म्हटलं, सोपं करायचं तर आधी अर्थ कुठला ते तुम्ही लिहून द्या, आणि इंग्रजीही सुधारा. त्यावर “इंग्रजी हेड ऑफिसचं आहे, त्याला हात लावता येणार नाही.” मग मराठीलाही लावता येणार नाही.

संध्याकाळी फोंड्यातल्या ओळखीच्या वकीलबाईंशी बोललो. आपल्याकडे घरवाटणीला, वारसाहक्काला पोर्तुगीज काळची नागरी संहिता लागत असली तरी अशा व्यवहाराला १८७२ चा भारतीय करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदाच लागतो. त्या म्हणाल्या, करारातला अपवाद संदिग्ध निघाला तर संशयाचा फायदा सहसा तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जातो. म्हणजे ही संदिग्धता हे खरेदीदाराच्या हातातलं एक हत्यार आहे. मी ती पुरवठादाराच्या बाजूने मिटवली तर ते हत्यार मी काढून घेतलं. खरेदीदाराच्या बाजूने मिटवली तर पुरवठादाराने न दिलेलं वचन मी दिलं.

जबाबदारीच्या मर्यादेच्या कलमातही हाच खेळ आहे. मुळात म्हटलंय की अप्रत्यक्ष किंवा परिणामी हानीची जबाबदारी पुरवठादारावर नाही, आणि त्या हानीत बुडालेला नफा, थांबलेलं उत्पादन वगैरे धरलेलं आहे. करार कायद्याचं ७३ वं कलम दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मुळातच देत नाही. पण करारभंगातून नेहमीच्या ओघात होणाऱ्या हानीची भरपाई देतं, आणि एखाद्या प्रकरणात बुडालेला नफा तशी हानीही ठरू शकतो. म्हणून ‘नफ्याचे नुकसान, उत्पादनातील खंड आणि कोणतीही अप्रत्यक्ष हानी’ असं लिहिलं की नफा हा स्वतंत्र अपवाद होतो, आणि थेट झालेलं नफ्याचं नुकसानही निःसंशय वगळलं जातं. मी ‘यांसह’ ठेवलं: ‘नफ्याचे नुकसान, उत्पादनातील खंड यांसह कोणतीही अप्रत्यक्ष किंवा परिणामी हानी’. नफा आता अप्रत्यक्ष हानीच्या पोटात आहे, मुळात आहे तसाच. थेट बुडालेल्या नफ्याचं काय, हा वाद मुळात आहे, तो मराठीतही राहील.

सगळीच संदिग्धता जपायची असंही नाही. मुदतीच्या ओळीचा अर्थ मुळात एकच आहे: मशीन चालू केल्यापासून १२ महिने किंवा रवाना केल्यापासून १८ महिने, यांतली जी मुदत आधी संपेल ती. आलेल्या जुन्या मराठी मसुद्यात ‘जे आधी घडेल ते’ असं आहे. आधी घडतं ते रवाना होणं, नेहमीच! मग वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला कायम १८ महिनेच मिळतात. जून २०२४ मध्ये निघालेलं मशीन शेड आणि वीजजोडणी रखडल्याने जानेवारी २०२५ मध्ये चालू झालं असेल, तर वॉरंटी डिसेंबर २०२५ मध्ये संपते, जानेवारी २०२६ मध्ये नाही. उलट मशीन पोचल्यावर महिन्याभरात चालू झालं असेल तर १२ महिन्यांची मुदतच आधी संपते, आणि १८ महिन्यांच्या भरवशावर बसलेला फसतो. इथे ‘मुदत’ आणि ‘संपेल’ हे दोन्ही शब्द हवेतच.

करारात शेवटी नेहमीचं कलम आहेच, फरक पडल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य. पण मशीन बंद पडल्यावर रात्रपाळीचा ऑपरेटर पॅनेल उघडायचं की फोन करायचा हे मराठी प्रत पाहून ठरवणार, आणि दावा फेटाळला जाईल तो त्याने त्या रात्री केलेल्या गोष्टीवरून.

हेड ऑफिसला पाठवायच्या प्रश्नांत पहिला प्रश्न शेपटाचाच घातला आहे, दोन्ही वाचनं आणि डक्टचं उदाहरण देऊन. उत्तर येईपर्यंत ‘जे’ राहील.