पंचाहत्तराव्या मिनिटाला पोटरीत येणारा गोळा

गेल्या मोसमात लागोपाठ चार सामन्यांत मला बदली करून बाहेर काढावं लागलं. प्रत्येक वेळी तेच. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास डाव्या पोटरीत आधी बारीक फडफड सुरू व्हायची, मग एखाद्या स्प्रिंटमध्ये गोळा यायचा आणि मी जमिनीवर. मी फुटबॉलमध्ये फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू म्हणून खेळतो, त्यामुळे वर-खाली धावणं भरपूर. मैदानाबाहेरून सल्ला ठरलेला असायचा: पाणी कमी पडतंय, मीठ कमी पडतंय, केळं खा.

तीन सामने मी हे सगळं इमानदारीत केलं. चौथ्याला वजनकाटा घेऊन गेलो. सामन्याआधी 71.2 किलो, नंतर घाम पुसून आणि तेच कोरडे कपडे घालून 70.3. म्हणजे मी जे पीत होतो ते धरूनही 900 ग्रॅमची घट, शरीराच्या वजनाच्या सव्वा टक्का. ही घट फार नाही. तरी गोळा आलाच, आणि तोही फक्त डाव्या पोटरीत. क्षार कमी पडले असते तर रक्त काय फक्त डाव्याच पायाला जातं?

हाच प्रश्न मी फिजिओथेरपिस्टला विचारला. ती हसली आणि म्हणाली, "आता गाडी रुळावर आली." मग तिने समजावलं. स्नायूत ताण मोजणारी दोन यंत्रं असतात. स्नायूच्या आत असलेलं एक 'आकुंचन पाव' असा संदेश पाठवतं. स्नायू जिथे कंडरेला जोडला जातो तिथलं दुसरं 'पुरे, सैल हो' असं सांगतं. स्नायू थकला की पहिल्याचा आवाज वाढतो, दुसऱ्याचा बसतो. त्यात पोटरी आखडलेल्या अवस्थेत, म्हणजे पाऊल खाली रोखून जोर लावताना, कंडरेवर ताणच कमी असतो; मग 'पुरे' म्हणणारं कोणी उरत नाही. म्हणूनच गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे ओढला की गोळा सुटतो. त्या अर्ध्या मिनिटात शरीरात मीठही गेलेलं नसतं आणि पाणीही.

व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीचं पाणी प्यायल्यावर गोळा लवकर सुटतो, हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. साधारण दीड मिनिटात. तेवढ्या वेळात ते पाणी रक्तात उतरून क्षार भरून काढणं शक्य नाही. घशातल्या त्या आंबट झटक्याने मज्जासंस्थेचा संदेश बदलतो, असा अंदाज आहे. मी एकदा करून पाहिलं. चव भयंकर.

मिठाचा संबंधच नाही असं मात्र नाही. ज्यांच्या शर्टवर घामाचे पांढरे पट्टे उमटतात आणि उन्हात तासन्‌तास खेळल्यावर सगळ्या अंगातच पेटके येतात, त्यांनी मीठ घालून पाणी प्यायलाच हवं. माझी गत ती नव्हती.

मग तिने मला एका पायावर उभं करून टाच वर-खाली करायला लावली, लय सुटेपर्यंत. उजवा पाय 26, डावा 14. दोन वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता. सूज उतरली म्हणून मी तो बरा धरला होता. पोटरी मात्र मागेच राहिली होती.

त्यानंतरचे आठ आठवडे कंटाळवाणे गेले. आठवड्यातून तीनदा, पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलायची आणि तीन सेकंद घेत हळू खाली सोडायची, 12 चे तीन संच. तेवढेच गुडघा किंचित वाकवून, कारण आतल्या स्नायूवर तेव्हा जास्त भर येतो. सुरुवातीला डाव्याला दोनच संच झेपले. दुसरा बदल सरावात केला. आमचा सराव तासाभराचा, आणि स्प्रिंट सुरुवातीला, ताजे असताना. कोचना विनंती करून मी सराव संपल्यावर 30 मीटरच्या सहा स्प्रिंट मारू लागलो. नव्वद मिनिटं धावायचं आणि सरावात थकलेला पाय कधी वापरायचाच नाही, हे गणित जुळणारं नव्हतंच. तिसरी गोष्ट मला स्वतःलाच कबूल करावी लागली: पहिल्या वीस मिनिटांत मी प्रत्येक चेंडूमागे वेड्यासारखा वर जायचो. आता तिथे थोडा हात राखतो.

आठ आठवड्यांअखेर डावा पाय 23 पर्यंत आला. पुढच्या पाच सामन्यांत पूर्ण नव्वद मिनिटं खेळलो. सहावा जादा वेळेत गेला आणि 112 व्या मिनिटाला पोटरी पुन्हा फडफडू लागली. या वेळी गोळा यायची वाट न बघता थ्रो-इनच्या वेळात खाली बसलो, पंजा ओढून धरला आणि उरलेली आठ मिनिटं वर गेलो नाही. गंमत म्हणजे या वेळी फडफड उजव्या पायात होती.