गुऱ्हाळाचा धूर आणि माझ्या अहवालातल्या मर्यादा

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर चुलवाणाजवळ राबणाऱ्या ६४ जणांना मी खोकल्याबद्दल विचारलं. त्यांच्याच गावांतल्या ६० शेतमजुरांनाही तेच प्रश्न केले. वर्षात तीन महिने खोकला राहतो असं सांगणारे गुऱ्हाळावर २२ निघाले, शेतात ९. म्हणजे ३४ टक्के आणि १५ टक्के.

अहवालातल्या 'अभ्यासाच्या मर्यादा' आधी चार ओळींत उरकल्या होत्या: नमुना लहान, वेळ अपुरा वगैरे. अहवाल तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हे कुणाच्याही अहवालाला चिकटेल." मग मी ईर्षेनं अकरा मर्यादा लिहून नेल्या. त्या वाचून म्हणाल्या, "अरे, मग अभ्यास केलास कशाला? प्रत्येकीपुढं लिही, हिच्यामुळं आकडा कुठल्या बाजूला कलतो."

तिथं खरं काम लागलं. गुऱ्हाळावर मला भेटले ते टिकलेले लोक. ज्यांना सोसलं नाही ते आधीच निघून गेलेले. शिये भागात उसात भांगलणारा एक जण म्हणाला होता, "दम लागाय लागला, म्हणून गुऱ्हाळ सोडलं." तो माझ्या यादीत शेतमजूर म्हणून बसला होता! वही पुन्हा चाळली. पूर्वी काय काम केलं हा प्रश्न सुदैवानं विचारलेला होता. ६० पैकी पाच जण जुने गुऱ्हाळवाले निघाले आणि त्यातल्या तिघांना खोकला होता. ते वगळले तर शेताकडं ५५ पैकी ६ उरतात, म्हणजे ११ टक्के. फरक वाढलाच. म्हणून लिहिलं, की या मर्यादेमुळं फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असण्याची शक्यता जास्त. मूळ आकडा मात्र तसाच ठेवला आणि हा हिशेब त्याखाली दिला. सोयीचा आकडा वर चढवणं बरं दिसलं नसतं.

दुसरी मर्यादा उलट्या बाजूची होती. समोरचा गुऱ्हाळावरचा की शेतातला, हे मला विचारतानाच ठाऊक होतं. धुरात उभ्या माणसाला मी "नक्की नाही ना खोकला?" असं दोनदा विचारलं असेल, शेतातल्याला एकदाच. यानं फरक फुगतो. किती, ते आता काढता येत नाही आणि तसंच लिहिलं. खोकला धुराचा की विडीचा, हा प्रश्नही अर्धाच सुटला: विडी न ओढणाऱ्यांतही फरक दिसला, पण तिथं माणसं थोडी.

एवढं लिहून झाल्यावर निष्कर्षातलं 'धुरामुळे खोकला होतो' हे वाक्य मलाच खटकायला लागलं. सगळ्यांना एकदाच भेटलो होतो; कुणाचा खोकला कामाच्या आधीचा, हे कसं कळणार? तिथं 'गुऱ्हाळ कामगारांत दीर्घ खोकल्याचं प्रमाण जास्त आढळलं' असं केलं. आढळलं ते आढळलंच, त्यातून मागं हटलो नाही. शीर्षकातला 'परिणाम' मात्र गेला. मुखपृष्ठ छापून झालं होतं, बाइंडिंगवाल्यानं ऐंशी रुपये जादा घेतले.