बॅकसाइट म्हणजे मागचं नव्हे : आमची वाटचाल

2009 मध्ये पातळ्या मोजायचा एक जुना ऑटो लेव्हल, एक चार मीटरची पट्टी आणि मेहुण्याची मोटरसायकल एवढ्यावर सांगलीत आमचं सर्व्हेचं दुकान सुरू झालं. प्लॉटची मोजणी, रस्त्याच्या पातळ्या, शेततळी, जे मिळेल ते. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि त्यानंतर वर्षभर आम्हाला एकच काम होतं. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेपासून लोकांना आपल्या जोत्याची उंची काढून हवी असायची. कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं टोटल स्टेशन आम्ही त्याच कमाईतून घेतलं.

मराठी टिपणांचं काम मात्र ठरवून सुरू झालं नाही. उन्हाळ्यात डिप्लोमाची मुलं आमच्याकडे सहा-सहा आठवडे शिकायला यायची. बहुतेक दहावीपर्यंत मराठी शाळेत गेलेली, तासगाव, जत, कवठेमहांकाळकडची. 2021 मध्ये तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, तेव्हा एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्या फील्डबुकची पानं मराठीत करून द्याल का? मुलांना खरी पानं हवीत." मी म्हटलं, त्यात काय, आठवड्याचं काम आहे. दोन वर्षं लागली.

पहिल्या खेपेला मी बॅकसाइटला, म्हणजे पातळी माहीत असलेल्या बिंदूवरच्या पट्टीच्या वाचनाला, ‘मागचे वाचन’ आणि फोरसाइटला, म्हणजे नव्या बिंदूवरच्या वाचनाला, ‘पुढचे वाचन’ केलं. शब्दाला शब्द बसला म्हणून मीच खूश. पुढच्या उन्हाळ्यात एका मुलीनं कॅनॉलच्या कडेच्या कामाचं पान आणून दाखवलं. बेंचमार्कची, म्हणजे सुरुवातीच्या ओळखीच्या बिंदूची, पातळी 100.000 धरलेली. त्यावरचं वाचन 1.425 तिनं फोरसाइटमध्ये लिहिलं होतं, आणि पहिल्या चेंज पॉइंटवरचं, म्हणजे यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या बिंदूवरचं, 0.985 बॅकसाइटमध्ये. मी विचारलं, असं का? म्हणाली, "सर, बेंचमार्क माझ्या पुढं होता, चेंज पॉइंट पाठीमागं होता. तुमच्या टिपणात तसंच दिलंय."

चूक तिची नव्हती. खरी पातळी 100.000 अधिक 1.425 वजा 0.985, म्हणजे 100.440. तिच्या वहीत आली 99.560. फरक 88 सेंटीमीटर, म्हणजे दोन वाचनांतल्या फरकाच्या बरोबर दुप्पट, कारण चढ होता तिथं उतार झाला. आणि खरी गंमत पुढे आहे. आपण मुलांना सांगतो, बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज ही शेवटची पातळी वजा पहिली पातळी याच्याशी जुळली पाहिजे. तिच्या पानावर दोन्हीकडे वजा 0.440 आलं होतं. तपासणी चोख जुळली! ती तपासणी फक्त बेरीज-वजाबाकी तपासते. वाचन कुठल्या रकान्यात गेलं, हे तिला कळत नाही. चूक पकडायची तर पातळी माहीत असलेल्या दुसऱ्या बिंदूवर जाऊन काम बंद करावं लागतं, नाहीतर डोळे उघडे ठेवावे लागतात. तिथं उभं राहिलं की चेंज पॉइंट उंचावर आहे हे साध्या नजरेला दिसत होतं.

यावर उपाय मला सुचला नाही. आमच्याकडे पट्टी धरणारे आप्पा आहेत, शाळा चौथीपर्यंत. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "अहो, यंत्र ओळखीच्या जागेकडनं पातळी घेतं आणि नव्या जागेला देतं. घेतली की जमा, दिली की वजा. मागं-पुढं कशाला करताय?"

तेव्हापासून आमच्या पानांवर रकान्याचं नाव बॅकसाइटच आहे, कारण परीक्षेत आणि साइटवर तोच शब्द चालतो. खाली लिहिलेलं असतं: यंत्र मांडल्यावरचं पहिलं वाचन, पातळी माहीत असलेल्या बिंदूवर, पातळी घेणं. फोरसाइटखाली: यंत्र हलवण्याआधीचं शेवटचं वाचन, पातळी देणं. मधली वाचनंही देणंच. ‘पश्चदर्शन’, ‘अग्रदर्शन’ हे शब्द मी एका रविवारी काढून टाकले. शुद्ध मराठी दिसतं, पण ‘पश्च’ म्हटलं तरी पोरगं मागंच बघणार.

दुसरा घोळ एचआयचा. लेव्हलच्या वहीत एचआय म्हणजे दृष्टिरेषेची पातळी, वरच्या पानात 101.425. टोटल स्टेशनमध्ये तेच अक्षर म्हणजे खुंटीच्या डोक्यापासून यंत्राच्या मध्यापर्यंत टेपनं मोजलेली उंची, दीडेक मीटर. मी दोन्हीकडे ‘यंत्राची उंची’ लिहून बसलो होतो. एकानं टोटल स्टेशनला 101.425 भरलं, पण ते लगेच उघडं पडलं, कारण सगळं शिवार शंभर मीटर वर गेलं. आता लेव्हलच्या पानावर ‘दृष्टिरेषेची पातळी’ आणि टोटल स्टेशनच्या पानावर ‘खुंटीपासून यंत्र’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यात भर म्हणजे टॉपकॉनच्या पडद्यावर `HR` दिसतं तो उजवीकडे मोजलेला आडवा कोन, आणि लायकाच्या पडद्यावर `hr` ही खांबावरच्या प्रिझमची उंची. म्हणून पडद्यावरची अक्षरं आम्ही भाषांतरित करत नाही, आहेत तशी छापतो आणि शेजारी अर्थ देतो.

प्रिझमची उंची हा तर रोजचा त्रास. मिरजेकडच्या एका रानात खुंटीची पातळी 100.440, यंत्र 1.520, प्रिझम 1.500 वर काम चाललं होतं. पुढे पुरुषभर ऊस आला म्हणून आप्पांनी खांब 2.500 वर चढवला. यंत्रावरच्या मुलानं आकडा बदलला नाही. यंत्रानं उभा फरक अधिक 0.635 धरला आणि 100.440 अधिक 1.520 अधिक 0.635 वजा 1.500 करून पातळी दिली 101.095. खरी होती 100.095. ऑफिसात नकाशा काढला, तर उसाच्या कडेनं नीट एक मीटरची पायरी दिसत होती. जमीन अशी गोल आकड्यानं उडी मारत नाही, त्यावरनंच संशय आला. पुन्हा रानात जावं लागलं नाही, कारण दुसऱ्या मुलीनं वहीत मराठीत एक ओळ लिहिली होती: "बिंदू 47 पासून ऊस, खांब वर केला." तिथून पुढचे सगळे बिंदू एक मीटरनं खाली घेतले. ते पान जसंच्या तसं आम्ही पुस्तिकेत घातलंय, चुकीसकट.

मोजलेल्या बिंदूंच्या फाइलमध्ये मात्र मराठीचा हट्ट सोडावा लागला. मी हौसेनं कोडच्या, म्हणजे बिंदू कशाचा आहे ते सांगणाऱ्या शब्दाच्या, जागी ‘बांध’, ‘विहीर’ असं टाइप केलं आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरनं प्रश्नचिन्हांची रांग काढली. आता ओळ अशी असते:

```
47,5020.315,3012.880,100.095,BANDH
```

पुस्तिका चाळीस पानांची आहे, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळते, कागदाचा खर्च निघतो. घर अजून मोजणीवरच चालतं.

सध्या उलट्या पट्टीचं पान अडलंय. स्लॅबच्या तळाची पातळी काढताना पट्टी उलटी धरून तिचा पाया वर टेकवतात आणि वाचन वजा चिन्हानं लिहितात. दृष्टिरेषा 101.425, वाचन वजा 2.100, तर तळ 103.525. आप्पांच्या हिशेबात दिलं की वजा, आणि इथं तर दिल्यावर वाढलं. त्यांना हे पटलेलं नाही. परवा चहा पिताना म्हणाले, "उलटी पट्टी म्हणजे उधारी परत आली असं लिवा." अजून लिहिलेलं नाही.